पुढच्या वर्षीची ओळ

आमच्या सरांना कुणी वेळ विचारली की ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणत, "साडेदहा. अधिक-उणे एक मिनिट." किती माणसं जेवायला आहेत असं विचारलं तरी उत्तर तसंच, "चाळीस. अधिक-उणे तीन." ते मशीन डिझाइन शिकवत आणि ज्या मापाला अधिक-उणे लावलेलं नाही ते माप खोटं बोलतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे अख्खं कॉलेज त्यांना पाठीमागे 'अधिक-उणे' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी फळ्याकडे तोंड करूनच आम्हाला सांगितलं, की टोपणनाव ठेवायचंच होतं तर एवढं अचूक ठेवल्याबद्दल मी आभारी आहे.

खरं तर माझा त्यांच्याशी संबंध यायचं कारण नव्हतं. मी कॉम्प्युटरची, ते मेकॅनिकलचे. पण ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात सांस्कृतिक फेस्टची जबाबदारी वर्षानुवर्षं त्यांच्याच गळ्यात होती. कॉलेजातलं सांस्कृतिक काम म्हणजे पंगतीतलं वाढप्याचं काम. जेवायला सगळे येतात, वाढायला कमरेला पंचा बांधून कुणी उभं राहत नाही. सर राहिले. आणि गंमत म्हणजे त्यांना नाचगाण्यातलं काहीही आवडत नसे. फेस्टचे तीनही दिवस ते मंडपात शेवटच्या खुर्चीवर कानात कापसाचे बोळे घालून बसत. मात्र शेवटची खुर्ची टेम्पोत चढेपर्यंत जागचे हलत नसत. त्यांचा खरा जीव कशात असेल तर फेस्ट संपल्यावर त्याच्या सोशल मीडियावरच्या पेजवर जी पोस्ट पडते, तिच्यातल्या फोटोंखालच्या मजकुरात.

हे ऐकून कुणालाही हसू येईल, मलाही आलं होतं. मी तिसऱ्या वर्षाला असताना मीडिया टीमची हेड झाले आणि पेजचा पासवर्ड आदल्या बॅचकडून माझ्याकडे आला. पासवर्डाबरोबर त्यांनी एकच सल्ला दिला, "समारोपाची पोस्ट सरांना दाखवल्याशिवाय टाकू नकोस. आणि दाखवायला जाताना डबा घेऊन जा. वेळ लागतो."

डबा खरंच लागला. स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक सहा इंची स्टीलची पट्टी. माझा फोन त्यांनी टेबलावर आडवा ठेवला आणि मजकुराच्या पहिल्या ओळीखाली ती पट्टी टेकवली. पट्टी टेकली की स्क्रीन भलतीकडेच सरके. मग ते पट्टीकडे रागाने बघत, फोनकडे नाही. शेवटी मी तो मजकूर कागदावर उतरवून आणला तेव्हा कुठे काम सुरू झालं.

मी लिहिलं होतं ते असं. तीन दिवस, अगणित आठवणी, एक कुटुंब. हे स्वप्न साकार करणाऱ्या आमच्या सर्व प्रायोजकांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या वर्षी भेटूया, आणखी मोठ्या जल्लोषात. मध्ये मध्ये फटाके, हृदयं आणि दोन ज्वाळा. मला ते झकास वाटत होतं.

सर उभे राहिले. मजकूर ते नेहमी उभं राहूनच वाचत, वर्गात वाचल्यासारखं, विरामचिन्हांसकट. "तीन दिवस स्वल्पविराम अगणित आठवणी स्वल्पविराम," एवढं म्हणून थांबले.

"अगणित म्हणजे मोजल्या आणि आकडा हाती लागला नाही, की मोजल्याच नाहीत?"

"तसं म्हणतात सर."

"म्हणतात. आणि सर्व प्रायोजक म्हणजे कोण?"

"सगळेच. शेवटच्या फोटोत लोगो आहेत ना."

"साहेब, सर्वांचे आभार म्हणजे कुणाचेच नाहीत. लग्नात नवरदेव स्टेजवरून सगळ्यांकडे एकदम हात जोडून बघतो, त्यातला कुठला नमस्कार तुम्हाला मिळाला ते सांगा."

ते आम्हा सगळ्यांना साहेब म्हणत, मुलींनाही. त्यात उपहास नव्हता, नावं पाठ होत नाहीत म्हणून काढलेली ती सोय होती.

या पोस्टचं त्यांना एवढं का लागून राहिलं होतं, ते मला आदल्या बॅचने सांगितलं. काही वर्षांपूर्वी पोस्टमधला शेवटचा फोटो, म्हणजे सगळ्या प्रायोजकांचे लोगो असलेली पाटी, कुणीतरी भलत्या मापात बनवली होती. पेजवर फोटो कडेने कापला जातो हे लक्षात न आल्याने खालच्या ओळीतल्या एका सायकल दुकानाचा लोगो अर्धाच राहिला. दुकानदाराने तक्रारही केली नाही. पण सर स्वतः पेढे घेऊन त्याच्या दुकानात गेले आणि अर्ध्या लोगोबद्दल माफी मागून आले. त्या वर्षापासून त्यांनी नियम घातला. मजकूर आणि पाटी दोन्ही आधी तपासायची, मग प्रत्येक प्रायोजकाला फोन करून त्याच्यापुरता नव्हे तर अख्खा मजकूर वाचून दाखवायचा, त्याने हो म्हटलं की मगच पोस्ट. बाकीची कॉलेजं प्रायोजकाला मोबाइलवर मसुदा पाठवून उत्तरात वर केलेल्या अंगठ्याची खूण मागवून घेतात. आमचे सर वाचून दाखवत.

मला वाटायचं, हा माणूस जुन्या जमान्यातला, याला पेज कसं चालतं ते काय कळणार. पण सरांनी ते सगळं एखाद्या मशीनसारखं खोलून पाहिलेलं होतं. पोस्ट समोर आली की मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला टिचकी मारावी लागते आणि बहुतेक जण मारत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. म्हणून मुख्य प्रायोजकाचं नाव पहिल्या ओळीत, कारण करारात तसं कबूल केलेलं. "करारात आहे ते आधी, मनात आहे ते नंतर," असं ते म्हणत. टॅग करताना कंपनीच्या खात्याचं नाव एका अक्षरानेही चुकलं तर तो टॅग कुठेच पोचत नाही, म्हणून प्रत्येक टॅगवर टिचकी मारून योग्य पान उघडतंय का ते बघायचं. ज्यांचं खातंच नाही त्यांचं नाव आणि गाव पूर्ण लिहायचं. आणि मुख्य प्रायोजकाला पोस्टमध्ये जोडीदार म्हणून विनंती पाठवायची, म्हणजे त्यांनी ती स्वीकारली की तीच पोस्ट त्यांच्याही पानावर दिसते. यातलं एकही काम ते स्वतः करत नसत. फक्त शेजारी उभे राहून बघत.

"फेस्ट तीन दिवसांचा," ते म्हणायचे, "पण पोस्ट वर्षभर लागते. पुढच्या वर्षी तुमची पोरं कुणाच्या दारात जातील तेव्हा तो माणूस आधी हेच उघडून बघणार, की मागच्यांचे आभार यांनी कसे मानले." हे मात्र सोळा आणे खरं होतं. आमच्या स्पॉन्सरशिपच्या पोरांनी मला सांगितलं होतं, की निम्म्या ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत समोरचा माणूस आमचं पेज उघडतो आणि मागची समारोपाची पोस्ट बघतो.

त्या दिवशी सरांनी मला पुन्हा कामाला लावलं. कुणी नेमकं काय दिलं ते एका वाक्यात लिहून आणा, विशेषण न वापरता. मी वैतागले. पण विचारायला लागल्यावर एकेक गोष्ट कळत गेली. पुनावळ्यात मिसळीचं हॉटेल चालवणाऱ्या मावशी आमच्या 'फूड पार्टनर' होत्या, म्हणजे पाटीवर त्यांचा लोगो होता आणि मैदानात त्यांचा स्टॉल होता. एवढंच मला माहीत. पण फेस्टच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंसेवकांचं जेवण आणणारी गाडी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा मावशींनी आपल्या स्टॉलवरची विक्री तासभर बंद ठेवून पोरांना वाढलं होतं. मी त्यांच्याकडे गेले तर त्या रस्सा ढवळत म्हणाल्या, "अगं, ते काय लिहायचं? पोरं भुकेली होती." मी ते लिहिलं.

आणि मुख्य प्रायोजक होते आण्णा. चाकणला त्यांचं प्रेस शॉप. गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग तिथे दाबून काढतात. चाकणच्याच जुन्या गावातलं शेतकरी घर, रस्त्यात आणि प्लॉटिंगमध्ये जमीन गेली तशी आण्णांनी भावांना गोळा करून दोन प्रेस घेतल्या होत्या. आता मोठी शेड आहे. कंपनीचं पान त्यांची सून बघायची. आण्णा आमच्या वाट्याला आले तेही सरांमुळेच. आमची पोरं त्यांच्याकडे छापील माहिती घेऊन गेली तेव्हा आण्णांनी ती उलटीपालटी करून परत दिली होती. मग सर गेले. माहिती बाजूला ठेवून त्यांनी आधी शेडमध्ये फेरी मारली, एका प्रेसजवळ उभं राहून आवाज ऐकला आणि आण्णांना विचारलं, की हिचा गाइड पिन कधी बदलला होता. त्यानंतर दोघांनी दोन तास डायवर, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यांवर, गप्पा मारल्या आणि फेस्टचं बोलणं चहा संपताना एका वाक्यात उरकलं.

यंदाचा मजकूर तयार झाला. आधी मराठीत, खाली इंग्रजीत. दरवर्षी उलटं असायचं. सर म्हणाले, "ज्याचे आभार मानतोय त्याला आधी कळू दे." मला स्वतःलाच तो वाचून बरं वाटलं. पोस्ट आठवड्याच्या आत टाकायची असं करारात होतं आणि आमच्या हातात अजून वेळ होता. शेवटची ओळ सरांनी स्वतः सांगितली होती. पुढच्या वर्षी कधी, कुठे आणि कुणी यायचं, असं सरळ बोलावणं. 'भेटूया' हा शब्द त्यांना चालत नसे. भेटूया म्हणणारा माणूस कधीच भेटत नाही, असा त्यांचा अनुभव.

तेवढ्यात प्राचार्यांनी बोलावलं.

प्राचार्य माणूस वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की कॉलेज आता स्वायत्त होतंय, परीक्षांचं वेळापत्रक नव्याने बसवायचं आहे आणि त्यात तीन दिवस काढणं जड जातंय. फेस्ट पुढच्या वर्षी होईल असं व्यवस्थापनाला वाटत नाही. बैठक शनिवारी आहे. "तुम्ही आभार जरूर माना. पण पुढच्या वर्षाचं काही लिहू नका. एकदा लिहिलं की आम्ही बांधले जातो."

मी सरांकडे पाहिलं. त्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ज्या कामाला त्यांनी खांदा लावला ते त्यांच्या पाठोपाठ बंद पडणार होतं. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. सर म्हणाले, "ठीक आहे," आणि उठले. बाहेर येऊन मला म्हणाले, "शेवटची ओळ काढा, साहेब."

"सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"त्यांचा अधिकार आहे. आदेशाला अधिक-उणे नसतं."

मी ती ओळ काढली. त्या एका ओळीमुळे मजकूर इतका पोरका दिसेल असं मला वाटलं नव्हतं. फेस्ट गेला तर आपलं काय जातं, मी पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षाला, प्लेसमेंटच्या गडबडीत, असं मनाला समजावलं. पण ते खोटं होतं. आमच्या कॉलेजात लेक्चर आणि बस यांच्यापलीकडे पोरांचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं. पाच-सहाशे मुलं एकमेकांची नावं त्या तीन दिवसांत शिकायची. मला त्या दिवशी घरी जाऊन आईवर उगाच चिडचिड केल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे फोन सुरू झाले. फोन स्पीकरवर, टेबलावर. सर उभे. मी शेजारी.

पहिला फोन मावशींना. सरांनी अख्खा मजकूर वाचला, पूर्णविराम म्हणत म्हणत. शेवटच्या वाक्यानंतर "पूर्णविराम" म्हणाले आणि गप्प राहिले. पलीकडे कढईचा आवाज येत होता.

"एवढंच?" मावशींनी विचारलं.

"एवढंच."

"छान आहे हो. माझं तर फारच छान लिहिलंय. पण पुढच्या वर्षी या म्हणून नाही का लिहायचं? दरवर्षी असतं ना?"

"तो विषय अजून ठरलेला नाही, मावशी."

"असं होय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "बरं. ठेवा माझं नाव. राहू दे."

त्या अर्ध्या लोगोच्या सायकलवाल्याला फोन झाला. त्यानेही तेच विचारलं. तालमीला खोल्या देणाऱ्या क्लासवाल्या बाईंनी तर "सर, एखादं पान राहिलंय का?" असं म्हटलं. प्रत्येक वेळी सर शेवटचा पूर्णविराम उच्चारून तेवढेच गप्प राहायचे आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस त्या गप्प बसण्यात येऊन पडायचा. सर एका शब्दाने कुणाला चिथावत नव्हते. विचारलं की एकच वाक्य, तो विषय अजून ठरलेला नाही.

शेवटी आण्णा. मागे प्रेसचा धाड धाड आवाज. "थांबा सर, हापिसात येतो," असं म्हणून ते आत गेले, दार लावल्याचं ऐकू आलं. सरांनी वाचलं. पूर्णविराम.

"फुडं?" आण्णा म्हणाले.

"पुढे काही नाही."

"आन् फुडल्या साली? बोलावनं न्हाई व्हय?"

"तो विषय अजून ठरलेला नाही, आण्णा."

आण्णांनी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. मग शांतपणे म्हणाले, "मग माझं नाव काढा त्यातनं."

मुख्य प्रायोजकाने नाव काढा म्हणणं म्हणजे करारच उलटा पडला. पाटी, स्टेजवरचं बॅनर, सगळ्या फोटोंत त्यांचं नाव. मी मध्येच बोलले, "आण्णा, तुमचं नाव पहिल्याच ओळीत आहे. तुमच्या पानावरही पोस्ट दिसेल."

"पोरी, नावाचं मला काय करायचंय? आमच्यात पाव्हना निगाला की त्याला वेशीपत्तुर सोडत्यात आन् पुन्हा या म्हंत्यात. त्ये न्हाई म्हनलं तर पाव्हना काय समजतो? काम झालं, आता निगा. तसं आभार मला न्हाई पायजेत." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आनिक एक. ह्यो पैका काय माझ्या एकट्याचा न्हाई. प्रेसवरच्या पोरांचा हाय. त्यांनी तुमचं गेटबी आतनं पाह्यलं न्हाई. सुनंनं मोबाइलवर फोटू दावलं तर समदी बघत बसली व्हती. बोलवायचं असंल तर त्यांना बोलवा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सर म्हणाले, "तुमचं म्हणणं मी प्राचार्यांना कळवतो. अधिक-उणे न करता."

आणि त्यांनी तसंच केलं. त्याच पावली मला घेऊन प्राचार्यांच्या खोलीत जाऊन उभं राहून, हात मागे बांधून, आण्णांचं सगळं बोलणं आण्णांच्याच बोलीत म्हणून दाखवलं. "आन् फुडल्या साली, प्रश्नचिन्ह," इथपासून "न्हाईतर ऱ्हाऊ द्या, पूर्णविराम," इथपर्यंत. मशीन डिझाइनचा प्राध्यापक चाकणच्या शेतकऱ्याच्या आवाजात बोलतोय हे बघून प्राचार्यांना आधी हसू आलं. मग ते गंभीर झाले. मग त्यांनी बाकीच्यांचं काय म्हणणं आहे ते विचारलं, आणि सरांनी मावशींचं, सायकलवाल्याचं, क्लासवाल्या बाईंचं, प्रत्येकाचं वाक्य क्रमाने सांगितलं.

"सर, तुम्ही यांना सांगितलंत का असं बोलायला?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही. मी फक्त वाचून दाखवलं. ती पद्धत आहे."

प्राचार्यांनी आमच्यासमोरच आण्णांना फोन लावला. त्यांनी वेळापत्रकाची अडचण सांगितली, तीच, खरी. आण्णा म्हणाले, "मग परीक्षा झाल्यावर घ्या की. आमीबी डाय बदलायची आसली तर लॉट संपल्यावर बदलतो, मधी न्हाई. आन् तीन दिस कशाला, दोन घ्या. पर घ्या." फोन ठेवून प्राचार्यांनी टेबलावरचं कॅलेंडर स्वतःकडे ओढलं आणि बराच वेळ मे महिन्याकडे बघत बसले.

शनिवारपर्यंत पोस्ट थांबली. आठवड्याची मुदतही शनिवारीच संपत होती. मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते. सर मात्र त्या दिवशी रिकामा तास मिळाला म्हणून पोरांना गिअरच्या दात्यांवर जादा उदाहरणं सोडवून देत होते. दुपारी प्राचार्य बैठकीतून उठून स्वतः स्टाफरूममध्ये आले. सरांच्या टेबलावरचा मजकुराचा कागद त्यांनी उचलला, खिशातलं पेन काढलं आणि शेवटी आपल्या अक्षरात लिहिलं, 'पुढच्या वर्षी परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आणि शनिवारी.' बाकीचं तुम्ही लिहा, असं म्हणून गेले. दोन दिवसांचा फेस्ट मंजूर झाला होता.

मला उडी मारावीशी वाटली. सरांनी कागद पट्टीखाली धरून ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "कधी आलं. कुठे आणि कुणी राहिलं."

ती पोस्ट अजून पेजवर आहे. वर आण्णांच्या कंपनीचं नाव टॅगसकट आहे आणि मग असं आहे:

'चाकणच्या ज्या शेडमध्ये पत्र्याला आकार मिळतो, तिथल्या माणसांच्या कष्टातून यंदाचं आमचं स्टेज उभं राहिलं. पुनावळ्याच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी आपली विक्री थांबवून आमच्या स्वयंसेवकांना जेवू घातलं. सायकलवाल्या दादांनी स्पर्धेत जिंकलेल्या चौघींना सायकली दिल्या, त्या आता रोज कॉलेजात दिसतात. क्लासच्या बाईंनी आपल्या दोन खोल्या तालमीसाठी महिनाभर दिल्या. या सगळ्यांचे आभार. पुढच्या वर्षी परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आणि शनिवारी, ताथवड्याला, याच मैदानावर या. विद्यार्थी या, त्यांच्या घरचे या. ज्यांच्या कामावर हा फेस्ट उभा राहिला ते सगळे, पहिली शिफ्ट सुटल्यावर, घरच्यांना घेऊन या. नावनोंदणीची लिंक पेजवर वरच्या बाजूला आहे. लिंक उघडली नाही तर नुसते या.'

शेवटची चार वाक्यं सरांची. मी त्यांना विचारलं होतं, "सर, तुमचं नाव घालू का? तुमचं शेवटचं वर्ष आहे." ते म्हणाले, "मी पगार घेतो." मग आण्णांना फोन करून त्यांनी मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि शेवटी आण्णा फक्त "व्हय" म्हणाले. मी जोडीदारीची विनंती पाठवली, सुनेने ती लगेच स्वीकारली. पोस्टखाली पहिली प्रतिक्रिया कुणा मुख्य पाहुण्याची नव्हती. आण्णांच्या प्रेसवरच्या एका मुलाने लिहिलं होतं, 'आमी येनार भावा.' मी ती सरांना दाखवली. त्यांनी पट्टी टेकवली नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "यांची खुर्च्यांची सोय आत्ताच लिहून ठेवा."

पुढच्या वर्षी सर नव्हते. फेस्ट झाला, नव्या मुलांनी केला. माझी परीक्षा संपली होती आणि चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून रुजू व्हायचं पत्र हातात होतं. शुक्रवारी मी मैदानावर गेले ती नुसती बघायला. गेटवर दोन रांगा होत्या, एक कॉलेजच्या ओळखपत्रवाल्यांची, दुसरी बाहेरून आलेल्यांची. दुसरी रांग लांब होती. त्यात आण्णांच्या शेडमधली पोरं होती, कंपनीचे निळे टीशर्ट घालून, कुणाबरोबर बायको, कुणाच्या खांद्यावर लेकरू. आण्णा स्वतः रांगेबाहेर उभे राहून कोण आलं, कोण राहिलं ते बघत होते.

आणि त्या रांगेत, दोन निळ्या टीशर्टांच्या मध्ये, सर उभे होते. बुशशर्ट तोच. मी धावत गेले. "सर, इकडे कशाला? चला, पुढच्या दाराने घेऊन जाते. प्राचार्य वाट बघतायत."

"नको, साहेब. रांग बरोबर आहे."

रांग पुढे सरकली. गेटवर पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, हातात मनगटावर बांधायच्या कागदी पट्ट्या. सर तिच्यासमोर आले. तिने त्यांना कधी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

"काका, तुम्ही कॉलेजचे की कंपनीचे?"

सरांनी क्षणभर विचार केला. मी पुढे होऊन सांगणार होते की हे कोण आहेत, इतकी वर्षं हे सगळं कुणी केलं. पण त्यांनी मला हाताने थांबवलं.

"दोन्ही नाही," ते म्हणाले. "मला बोलावलंय."

मुलीने मान डोलावली आणि त्यांच्या मनगटावर पट्टी बांधली. सरांनी हात पुढे धरून ती नीट बांधून घेतली, मग खिशातून कापसाचे दोन बोळे काढले, जरा वेळ हातात धरले आणि कानात न घालताच आत गेले.